‘बोला’पर्यंतची दहा सेकंदं

“हॅलो, कोण बोलतंय?”

“तुम्हाला कोण पाहिजे?”

“नाही, पण आपण कोण बोलताय?”

“अहो, फोन तुम्ही केलाय ना?”

हा संवाद महाराष्ट्रात रोज कुठे ना कुठे झडत असतो. यात मुद्दाम उद्धटपणा कुणीच केलेला नाही. फोन करणाऱ्याला नंबर बरोबर लागलाय ना, याची खात्री करून घ्यायची आहे. उचलणाऱ्याला हा कोण उपटसुंभ ते कळायला हवंय. दोघंही आपापल्या जागी रास्त, तरी चौथ्या वाक्याला आवाज चढलेला असतो. असे दोन-चार अनुभव गाठीला जमले की पुढच्या अनोळखी नंबरावर बोट टेकवताना माणूस घुटमळतो.

हे घुटमळणं अनेक रूपांत दिसतं. नंबर लावायचा आणि समोरच्यानं उचलू नये म्हणून मनात देवाचा धावा करायचा. एंगेज लागला की सुटल्यासारखं वाटायचं. गॅस एजन्सीला, दवाखान्यात, कॉलेजच्या ऑफिसात फोन करायची वेळ आली की “आई, तूच कर ना गं” म्हणून फोन पुढे सरकवायचा. आणि नाहीच कुणी सापडलं तर नुसतं ‘हाय’ पाठवून तासभर निळ्या खुणांची वाट बघत बसायचं. घरातली वडीलधारी मंडळी यावर म्हणतात की आजकालच्या पोरांना मोबाइलनं बिघडवलं. ते काही खरं नाही. मायकेल लीबोविट्झ या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं १९८७ साली लोकांमध्ये वावरण्याची भीती मोजायला एक प्रश्नावली तयार केली. तीत रोजच्या आयुष्यातले चोवीस प्रसंग आहेत आणि त्यातला अगदी पहिला आहे चारचौघांत फोनवर बोलण्याचा. तेव्हा फोन भिंतीला नाहीतर टेबलाला बांधलेला असायचा. धास्ती जुनीच आहे. पूर्वी फोनला पर्याय नव्हता म्हणून ती गिळावी लागायची, एवढाच फरक.

फोन अवघड जातो त्यातला काही भाग आपल्या स्वभावाचा, पण बराचसा फोनचाच असतो. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत फार थोडा वेळ जातो. दहा वेगवेगळ्या भाषांत केलेलं एक मोजमाप २००९ साली प्रसिद्ध झालं. त्यात प्रश्न आणि उत्तर यांच्यातलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतकं निघालं. कुठे थोडं कमी, कुठे थोडं जास्त, पण मामला सेकंदाच्या आतलाच. इतक्या बारीक तालाची सवय असलेल्या कानाला अर्ध्या-एक सेकंदाची शांतताही खटकते. समोर माणूस असला तर डोळे सांगतात की तो विचार करतोय, चष्मा शोधतोय, कुणाला तरी हातानं थांब म्हणतोय. फोनवर यातलं काहीच नसतं. तिथे फक्त ‘हं’, ‘बरं’, ‘हो का’ एवढे हुंकार असतात आणि ते आले नाहीत की आपण भलतेच अर्थ लावतो.

त्यात ओळीचा उशीर मिळतो. जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना फोनवर बोलायला बसवलं आणि ओळीत मुद्दाम सेकंद-सव्वा सेकंदापर्यंत विलंब घातला. २०१४ मध्ये छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा की, ओळ रखडत होती तेव्हा बोलणाऱ्यांनी दोष ओळीला दिला नाही. समोरचा माणूसच लक्ष देत नाही, तो तुसडा आहे, असं त्यांना वाटलं. धास्तावलेला माणूस याच्याही पुढे जातो. तो समोरच्याला तुसडा ठरवतोच आणि त्याच्या तुसडेपणाचं खापर स्वतःवर फोडून घेतो, की मीच काहीतरी चुकीचं बोललो असणार. खरा प्रकार एवढाच असतो की समोरचा लिफ्टमध्ये शिरलेला असतो.

आणखी एक बारीक गोष्ट. साध्या टेलिफोन ओळीवरून आवाजाची सगळी पट्टी जात नाही. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच तुकडा पलीकडे पोहोचतो. स, श, फ यांसारख्या उच्चारांतला वरचा बारीक भाग त्यात कापला जातो. आजच्या चांगल्या नेटवर्कवर पट्टी रुंद असते, पण रेंज सुटली की पुन्हा रडगाणं सुरू. बाकीचं वाक्य कान अंदाजानं भरून काढतो, नावाचा मात्र अंदाज करता येत नाही. म्हणून फोनवर सगळ्यात आधी बळी जातं ते आपलं नाव. ‘शेळके’चं ‘शेलार’ होतं आणि समोरचा “कोण?” म्हणून पुन्हा विचारतो. हे “कोण?” कानाला लागतं, पण त्यात राग नसतो, त्याला खरोखरच ऐकू आलेलं नसतं.

अनोळखी माणसाला केलेल्या फोनचा सगळा भार त्याच्या सुरुवातीवर असतो आणि ती सुरुवात म्हणजे जेमतेम दहा सेकंदं. त्या दहा सेकंदांत काय घडतं याचा बारकाईनं अभ्यास झालेला आहे. इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं पोलिसांच्या आपत्ती केंद्रातल्या फोनांच्या ध्वनिफिती ऐकल्या. सुमारे पाचशे फोन होते. त्याला त्यात एक साधा नियम सापडला, की पहिला बोलतो तो फोन उचलणारा. मग एक फोन असा निघाला की जो नियमात बसेना. पोलिसांनी कुणाला तरी फोन लावला, पलीकडे रिसीव्हर उचलला गेला, सेकंदभर शांतता झाली आणि “हॅलो” म्हणाला तो फोन करणारा पोलीसच. दुसऱ्या कुणी पाचशेत एक म्हणून तो फोन बाजूला टाकला असता. शेग्लॉफनं त्या एका फोनासाठी सगळा नियम पुन्हा मांडला. १९६८ साली छापलेल्या त्या निबंधात तो म्हणतो की फोनची घंटा ही हाक आहे आणि उचलणाऱ्याचं ‘हॅलो’ ही त्या हाकेला दिलेली ओ. ओ आली नाही तर हाक मारणारा दुसरी हाक मारतो. त्या पोलिसाचं ‘हॅलो’ म्हणजे तोंडानं वाजवलेली दुसरी घंटाच होती.

हे वाचायला शास्त्रीय वाटतं, पण सध्या आपल्याकडे ते रोज उपयोगी पडतं. गेल्या काही वर्षांत फसवणुकीच्या फोनांनी लोक इतके गांजले आहेत की अनोळखी नंबर उचलून बरीच माणसं गप्प राहतात. आधी तो बोलू दे, मग बघू. धास्तावलेल्या माणसाला ही शांतता फार जाचते, तो एकतर फोन ठेवतो नाहीतर “हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?” अशी सरबत्ती लावतो. ओ आली नाही तर एकदाच, सावकाश “हॅलो” म्हणायचं आणि त्यालाच जोडून ज्याच्यासाठी फोन केला त्याचं नाव घ्यायचं. “हॅलो, देशपांडे काका का?” बहुतेक वेळा तेवढ्यानं ओ येते.

शेग्लॉफचा सहकारी हार्वी सॅक्स यानं आणखी एक गंमत टिपली होती. मानसिक संकटात सापडलेली माणसं मदतीसाठी जिथे फोन करत, तिथली संभाषणं त्यानं अभ्यासली. कर्मचाऱ्यांची अडचण अशी होती की फोन करणारे नाव सांगायचं टाळत आणि थेट विचारलं तर बिचकत. सॅक्सच्या लक्षात आलं की कर्मचाऱ्यानं आधी स्वतःचं नाव सांगितलं, की मी अमुक बोलतोय, तर समोरचाही बहुधा आपलं नाव सांगतो. न विचारता. एकानं नाव दिलं की दुसऱ्यानं द्यायची जागा आपोआप तयार होते. ज्याला सांगायचं नाही त्याला “काय म्हणालात? ऐकू नाही आलं” अशी काहीतरी पळवाट काढावी लागते. १९६४ सालच्या त्याच्या वर्गातल्या व्याख्यानांची सुरुवातच या उदाहरणानं झाली होती. म्हणजे “कोण बोलतंय?” हे विचारायची गरज फोन करणाऱ्याला मुळातच नाही. त्यानं स्वतःचं नाव सांगावं, समोरचं नाव चालत येतं.

आपल्याकडच्या जुन्या पिढीला ही विद्या न शिकवता येत होती, कारण तेव्हाच्या फोननं ती शिकवली होती. व्हिजिटिंग कार्डावर नंबराच्या पुढे कंसात ‘पी. पी.’ लिहिलेलं असायचं ते आठवत असेल. नंबर शेजाऱ्याचा, माणूस आपला. म्हणजे प्रत्येक फोन आधी एका परक्या घरी जायचा. एसटीडी बूथमध्ये समोर लाल आकडे पळताहेत, मागे रांग लागलेली, आणि बोलणारा एका दमात सांगायचा, “नमस्कार, मी साताऱ्याहून शिंदे बोलतोय. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या जोश्यांना जरा निरोप द्याल का? दहा मिनिटांनी परत फोन करतो.” कोण, कुठून, कुणासाठी, काय काम, किती त्रास. सगळं तीन वाक्यांत. तो शिंदे काही फार धीट असेल असं नाही. पण काय बोलायचं ते ठरलेलं होतं आणि ठरलेलं बोलायला धीर कमी लागतो.

आज पळते आकडे नाहीत आणि ठरलेलं वाक्यही नाही. तेव्हा ते आपलं आपण ठरवावं लागतं. एक प्रसंग घेऊन बघू.

नांदेडची एक मुलगी पुण्यात नोकरीला लागली आहे. तिला प्राजक्ता म्हणू. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या वॉचमननं तिला एक नंबर दिलाय. देशपांडे नावाचे निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांना एक खोली भाड्यानं द्यायची आहे. प्राजक्तानं दोन दिवस नंबर नुसता जवळ ठेवलाय. शेवटी ती फोन लावते आणि पलीकडून “हॅलो” येतं.

“हॅलो सर, नमस्कार सर. सॉरी, डिस्टर्ब तर नाही ना केलं? बिझी आहात का सर? ॲक्च्युअली मला ना, ते थोडं विचारायचं होतं...”

“कोण बोलतंय?”

आता देशपांड्यांच्या बाजूनं ऐका. अनोळखी नंबर. अनोळखी तरुण आवाज. तीनदा ‘सर’, एकदा ‘सॉरी’. बिझी आहात का, असा प्रश्न. कर्ज विकणारे, क्रेडिट कार्ड गळ्यात मारणारे, विम्याचे हप्ते आठवून देणारे सगळे हुबेहूब अशीच सुरुवात करतात. डिजिटल अरेस्टपासून सावध राहा, ही सूचना त्यांनी कॉलर ट्यूनवर शंभरदा ऐकलीय. त्यांच्या आवाजाला जी धार आली ती प्राजक्तासाठी नाही. त्यांच्या डोक्यात उभ्या राहिलेल्या त्या इतर सगळ्यांसाठी आहे. प्राजक्ताला मात्र वाटतं की काका चिडले. इथून पुढे ती जे बोलेल ते माफी मागितल्यासारखं बोलेल आणि संशय आणखी वाढेल.

या सुरुवातीत नम्रता पोतंभर आहे, माहिती चिमूटभरही नाही. फोन उचलणाऱ्याच्या मनात तीनच प्रश्न असतात. हा कोण, माझा नंबर याला कुठून मिळाला, आणि याला माझ्याकडून काय हवंय. त्यांची उत्तरं मिळेपर्यंत तो बाकी काही ऐकत नाही. तेव्हा तीच उत्तरं, त्याच क्रमानं:

“नमस्कार, देशपांडे काका बोलताय का?”

“हो. कोण?”

“मी प्राजक्ता बोलतेय, नांदेडची. इथे कोथरूडलाच नोकरी करते. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांनी तुमचा नंबर दिला. तुम्हाला खोली भाड्यानं द्यायची आहे म्हणाले. त्याबद्दल जरा विचारायचं होतं.”

“हं, बोला.”

एवढंच साधायचं असतं. या ‘बोला’पर्यंत पोहोचलं की फोनचा अवघड भाग संपला. पुढचं संभाषण दोघांचं असतं, त्यात समोरचाही हातभार लावतो. फोन करायच्या आधी आपण खोली मिळेल का, भाडं परवडेल का, काका काय म्हणतील, असा अख्खा डोंगर डोक्यावर घेऊन बसतो. सुरुवातीच्या वाक्याकडून खोली मिळवायची अपेक्षाच करू नये. त्यानं ‘बोला’ मिळवायचं आणि बाजूला व्हायचं.

वरच्या चार-पाच वाक्यांतला प्रत्येक तुकडा कामाचा आहे, म्हणून जरा थांबून बघतो. ‘कोण बोलतंय’ऐवजी ‘देशपांडे काका बोलताय का’ म्हटलं की प्रश्नाचं उत्तर ‘हो’ येतं आणि पहिलाच शब्द ‘हो’ असलेलं संभाषण सहसा भांडणाकडे जात नाही. चुकीचा नंबर असेल तर तेही लगेच कळतं. नावाच्या आधी ‘नमस्कार’ आलाय, कारण नव्या आवाजाला कान बसायला एखादा शब्द जावा लागतो. पहिलाच शब्द नाव असेल तर ते हवेत जातं. आडनाव तिनं मुद्दाम पुढच्या वाक्यांसाठी ठेवलंय. मुंबई-पुण्यात घर शोधताना पहिल्या वाक्यात आडनाव टाकलं की पलीकडे कसले कसले हिशेब सुरू होतात ते भाडेकरूंनाच विचारा.

मग वॉचमन. आपल्या समाजात अनोळखी माणसाचं दार कुणाच्या तरी नावानं उघडतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र ते नाव कामाच्या आधी यायला हवं. ‘खोली हवीय’ आधी आणि ‘वॉचमननं नंबर दिला’ नंतर, असं झालं तर मधल्या वेळात “तुम्हाला नंबर कुठून मिळाला?” हा प्रश्न येऊन आदळतो आणि आपण खुलासा देण्याच्या भूमिकेत जातो. तीच माहिती स्वतःहून दिली की ती ओळख ठरते. ओळखीचं कुणी नसेल तर नंबर जिथे मिळाला ती जागा सांगावी. दुकानाची पाटी, गेटवरचा बोर्ड, वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात, काहीही. ‘तुमची पाटी पाहिली’ हेही चांगलं चालतं.

शेवटचं ‘जरा विचारायचं होतं’ हे मराठीनं आयतं दिलेलं साधन आहे. काम आत्ताचं, क्रियापद मात्र भूतकाळातलं. ‘विचारायचंय’ म्हटलं की समोरच्यावर थोडा दाब येतो. ‘विचारायचं होतं’ म्हटलं की त्याला नको म्हणायला जागा राहते आणि म्हणूनच तो सहसा नको म्हणत नाही. सरकारी कचेरीत ‘जरा माहिती हवी होती’, प्लंबरला ‘दादा, एक काम होतं’, संपादकाला ‘एका लेखाबद्दल बोलायचं होतं’. तिघांचंही उत्तर ‘बोला’.

आणि पहिला प्रश्न छोटा हवा. ‘बोला’ आल्यावर प्राजक्ता भाडं, डिपॉझिट, पाणी, पार्किंग असं सगळं एकदम ओतत नाही. ती विचारते, “खोली अजून रिकामी आहे का?” याचं उत्तर हो किंवा नाही, आणि दोन्हींतून पुढचा रस्ता निघतो. ‘नाही’ आलं तर, “बरं काका. तुमच्या ओळखीत आणखी कुणी देणारं आहे का?” एकट्या मुलींना आम्ही देत नाही, असं आलं तरी तेच वाक्य चालतं. वाद घालायची हौस असेल तर घालावा, पण घर शोधत असताना परवडत नाही.

‘बिझी आहात का’ या प्रश्नाबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं, कारण तो सभ्यतेचा म्हणून विचारला जातो आणि नेमकी उलटी कामगिरी करतो. समोरच्याला अजून कळलेलंच नाही की वेळ कशासाठी द्यायचाय. मग तो ‘हो’ कसं म्हणणार? कामाच्या माणसाला ‘बिझी आहे’ म्हणणं सगळ्यात सोयीचं. वेळ विचारायचाच असेल तर काम सांगून झाल्यावर विचारावा आणि आकड्यात विचारावा. एखाद्या प्राध्यापकांना प्रकल्पासाठी फोन केला असेल तर, “पाच-सात मिनिटं लागतील सर. आत्ता बोलू, की संध्याकाळी करू?” इथे दोन्ही उत्तरं आपल्या फायद्याची आहेत. “नंतर करा” असं आलं तर त्याचा अर्थ नकार नव्हे, पण ते तसंच सोडूही नये. “किती वाजता करू?” हे तीन शब्द विचारले तर पुढच्या वेळच्या फोनची सुरुवातही तयार मिळते. “सर, मी सकाळी फोन केला होता, तुम्ही सहानंतर करायला सांगितलं होतं.”

‘ओळखलंत का?’ हा दुसरा घातक प्रकार. एकदा लग्नात भेटलेल्या माणसाला फोन करून ही परीक्षा घेणारे महाभाग आहेत. ओळखलं नसेल तर समोरच्याला खोटं बोलावं लागतं किंवा ओशाळावं लागतं, आणि ओशाळलेला माणूस आपलं काम करत नाही. त्याऐवजी, “आपण गेल्या महिन्यात नाशिकला लग्नात भेटलो होतो, मी मुलीकडचा” असं सांगून टाकावं. तसंच परक्या माणसाला ‘कसे आहात, जेवण झालं का’ विचारू नये. ओळखीत ती आपुलकी असते. अनोळखी आवाजाकडून आली की समोरचा पाकीट चाचपतो.

काका, दादा, ताई, सर, साहेब यांत काय निवडावं याची फार चिंता करू नये. घरमालक वयस्कर आहेत हे माहीत असेल तर काका-काकू, कारागिराला दादा, विदर्भात भाऊ, ऑफिसात सर-मॅडम. वयाचा अंदाजच नसेल तर आडनावापुढे साहेब लावावं किंवा नुसतं ‘नमस्कार’ आणि ‘तुम्ही’ पुरतं. वाक्यागणिक ‘सर’ मात्र नको. त्यानं विक्रेत्याचा वास येतो.

आता हे वाक्य लिहून काढावं का? अवश्य काढावं. कागदाच्या तुकड्यावर तीन ओळी: मी कोण, नंबर कुठून, काय काम. खाली पहिला प्रश्न. पण लिहिणं तिथेच थांबवावं. बरेच जण अख्खं संभाषण लिहून काढतात, समोरच्याची उत्तरंसुद्धा, आणि देशपांडे काका दुसऱ्याच वाक्याला “तुम्ही नांदेडच्या म्हणजे कुठल्या?” असं विचारतात आणि सगळा कागद बाद होतो. यात आणखी एक खोच आहे. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये या भीतीची जी मांडणी केली तीत असं म्हटलंय की, भीती टिकून राहते त्याला दोन गोष्टी कारण असतात. एक म्हणजे माणसाचं सगळं लक्ष स्वतःकडेच असतं: माझा आवाज कापतोय का, मी अडखळलो का. दुसरी म्हणजे तो बचावाच्या युक्त्या वापरतो. शब्द न् शब्द घोकणं ही त्यातली एक. फोन नीट पार पडला तरी मन म्हणतं, घोकलं होतं म्हणून निभावलं. भीती जिथल्या तिथे.

म्हणून लिहून काढायची सुरुवात असावी आणि हातात पेन असावं समोरच्याचं बोलणं टिपायला. त्यांचं नाव, वेळ, पत्ता, भाडं. लिहिणाऱ्या माणसाला ऐकावं लागतं आणि ऐकणाऱ्याचं लक्ष आपल्या आवाजावरून आपसूक उठतं. दहा-पंधरा फोन झाल्यावर कागदावरच्या ओळी स्वतःहून आखूडतात. सवय करायची तर सुरुवात अशा ठिकाणी करावी जिथे फोन घेणं हे समोरच्याचं कामच आहे. औषधाचं दुकान रविवारी किती वाजेपर्यंत उघडं असतं, वाचनालयाची वर्गणी किती, एसटीची गाडी किती वाजता सुटते. तिथे ‘नमस्कार, जरा विचारायचं होतं’ एवढं पुरतं. नाव सांगायचीही गरज नाही. घरमालक, वरिष्ठ अधिकारी, उधारी मागायचे फोन हे नंतर.

आधी मेसेज टाकावा का, हा प्रश्न हल्ली हमखास येतो. ‘मी अमुक, तमुक कामासाठी चार वाजता फोन केला तर चालेल का?’ असा मेसेज ही चांगली रीत आहे, विशेषतः समोरचा कामात गुंतलेला असेल तर. पण मेसेजनं फोनच टाळता आला तर बरं, असं वाटत असेल तर एक अभ्यास ध्यानात घ्यावा. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०२१ मध्ये तो प्रसिद्ध केला. लोकांना त्यांनी आधी अंदाज करायला लावला आणि मग प्रत्यक्ष संवाद साधायला लावला, कधी लिहून, कधी बोलून. बोलणं जास्त अवघडल्यासारखं होईल असा अंदाज होता. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांना तेवढं अवघडल्यासारखं झालं नाही आणि जवळीक मात्र जास्त वाटली. पूर्ण परक्यांना एकमेकांशी बोलायला लावलं तेव्हाही चित्र फार वेगळं नव्हतं.

जे अडखळत बोलतात त्यांची गोष्ट वेगळी आहे आणि तिचा उल्लेख सहसा कुणी करत नाही. बोलताना अडणारा माणूस एरवी अवघड शब्दाऐवजी सोपा शब्द योजून वेळ मारून नेतो. स्वतःच्या नावाला पर्याय नसतो आणि फोनवर नेमकं तेच आधी सांगावं लागतं. शब्द अडला की पलीकडे शांतता ऐकू येते, समोरचा ब्लँक कॉल समजून फोन ठेवून देतो. अशांनी नावाच्या आधी सहज निघणारा कुठलाही शब्द ठेवावा आणि पहिल्या वाक्यातच सांगून टाकावं, “मी थोडा अडखळत बोलतो, जरा वेळ द्या.” माफी मागायची नाही, फक्त सांगायचं. असं सरळ सांगितलं की ऐकणाऱ्यांचं मत चांगलं होतं, हे अभ्यासांतही दिसून आलं आहे.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. सुरुवातीचं वाक्य हाताशी असूनही महिनोन्महिने फोन टळत असतील, त्यापायी नोकरीच्या संधी हातच्या जात असतील, दवाखान्याची वेळ घ्यायची राहत असेल, आणि फोनच नव्हे तर चारचौघांत जेवणं, सही करणं, नजर मिळवणंही जड जात असेल, तर तो वाक्याचा प्रश्न उरत नाही. अशी अवस्था सहा महिने आणि त्याहून जास्त टिकली की डॉक्टर तिला सामाजिक भीतीचा विकार मानण्याचा विचार करतात. त्यावर उपचार आहेत आणि त्यांत मुख्य भाग असतो तो घाबरवणारे प्रसंग पायरीपायरीनं, सोबतीनं करून बघण्याचा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६. आता फोनला घाबरणाऱ्यानं मदतीसाठी फोनच करायचा हा विनोद मलाही कळतो. पण तिथे आधी यंत्र बोलतं, भाषा निवडायला सांगतं, त्यात मराठी आहे. मग माणूस येतो. त्याला शांततेची सवय असते. तिथे नाव, नंबर कुठून मिळाला, काम काय, यातलं काहीच तयार लागत नाही. “फोन तर केला, पण काय बोलावं सुचत नाहीये” एवढं म्हटलं तरी पुढचे प्रश्न तोच विचारतो.